घर सोडताना ‘रंगाचे पैसे’ कापतात तेव्हा: भाडेकरूने काय करावं

घर सोडायची नोटीस दिली की पुण्यात बऱ्याचदा दलालाचा फोन येतो, आणि बोलता बोलता तो सांगून टाकतो, “डिपॉझिटमधून रंगाचा एक महिना कापला जाईल हं, सगळीकडे तसंच असतं.” या ‘सगळीकडे तसंच असतं’पुढे बहुतेक जण गप्प बसतात. भिंतींवर चार खिळ्यांची भोकं आणि स्विचबोर्डाभोवती थोडा मळ एवढंच असतं, तरी पंचवीस-तीस हजार सोडून देतात. हा लेख अशा भाडेकरूंसाठी आहे: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर राहिलेले, भिंती साधारण बऱ्या अवस्थेत असलेले, आणि तरी पूर्ण घराच्या रंगाचा खर्च ज्यांच्या माथी मारला जातोय असे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. घरमालकाला घर रंगवायचा पूर्ण हक्क आहे. प्रश्न फक्त पैसे कुणाचे एवढाच आहे. “पुढच्या भाडेकरूला असं घर कसं दाखवू?” हे त्यांचं म्हणणं खरं असतं, पण तो त्यांच्या पुढच्या भाड्यासाठीचा खर्च झाला. तुमच्याकडून मागता येते ती नुकसानीची भरपाई. म्हणून पूर्ण वादात तुमचा प्रयत्न एकच असायला हवा: ‘एक महिन्याचं भाडं’ या ठोक रकमेवरून बोलणं ‘कोणती भिंत, काय झालं, किती खर्च’ इथे आणायचं.

आधी करार काढा

नोंदणी झालेल्या कराराची पीडीएफ शोधा आणि देखभालीचं कलम वाचा. ऑनलाइन नोंदणीच्या करारांमध्ये साधारण असं वाक्य असतं की परवानाधारकाने जागा आहे त्या स्थितीत ठेवायची, काही नुकसान केलं तर स्वखर्चाने दुरुस्त करायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. तुमच्या करारात हे असेल आणि रंगाबद्दल वेगळं काही नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. वापराने फिका पडलेला, किंचित मळलेला रंग म्हणजे झीजच.

मग शेवटची ‘इतर अटी’ची पानं वाचा. रंगाचं कलम असलंच तर ते तिथे दडलेलं असतं. “घर सोडताना रंगकामापोटी एक महिन्याचं शुल्क वजा केलं जाईल” अशी स्पष्ट अट सही करून तुम्ही मान्य केली असेल, तर मामला अवघड होतो, पण संपत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी आधी ठरवून ठेवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते; मिळते ती वाजवी भरपाई. नुकसान झालंच नसेल तर नुसती रक्कम लिहिलेली आहे म्हणून ती घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यावर मालकाचा वकील म्हणेल की हा दंड नाहीच, हे ठरलेलं शुल्क आहे, भंगाचा प्रश्न येतोच कुठे. या युक्तिवादात दम आहे. त्यामुळे अशी लेखी अट असेल तर कोर्टाची भाषा टाळून रक्कम कमी करून घेण्याकडे लक्ष द्या. बंगळुरूला राहिलेल्यांना हे माहीत असेल. तिथे एक महिना रंगाचा हा रिवाजच आहे आणि तो बहुतेकदा करारात लिहिलेला असतो.

तिसरी शक्यता म्हणजे अट करारात नाही, पण “तेव्हा तोंडी बोललो होतो”. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ उपयोगी पडतं. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा नोंदवलेला करारच नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि करार नोंदवलेला असेल, तर त्यात नसलेली रंगाची अट होती हे दाखवण्याचा भार मालकावर येतो.

‘आदर्श भाडेकरू कायदा, २०२१’चं नाव कुठे ना कुठे वाचाल. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या वाट्याला टाकला आहे. महाराष्ट्रात तो लागू नाही, त्यामुळे “कायद्यात लिहिलंय” असं ठणकावून सांगू नका. “केंद्र सरकारच्या नमुन्यातसुद्धा रंग मालकाकडे आहे” एवढं म्हणायला हरकत नाही.

भिंती बघायला शिका

भांडण जिंकलं जातं ते इथे, म्हणून याला वेळ द्या. सकाळच्या उजेडात एकेका खोलीत उभं राहून प्रत्येक भिंत बघायची आणि डाग तीन गटांत टाकायचे: वापराचे, तुमच्यामुळे झालेले आणि इमारतीमुळे झालेले.

वापराचे डाग ओळखीचे असतात. स्विचबोर्डाभोवती हातांचा मळ, सोफ्याच्या वर डोकं टेकल्याची पुसट खूण, कपाट किंवा फ्रिज हलवल्यावर मागे दिसणारा उजळ चौकोन, कॅलेंडर-घड्याळाच्या खिळ्यांची भोकं, खिडकीसमोरच्या भिंतीचा उडालेला रंग. माणसं घरात राहिली याच्या या खुणा आहेत, यांना नुकसान म्हणत नाहीत.

तुमच्यामुळे झालेले डाग प्रामाणिकपणे वेगळे काढा, कारण पुढे हेच तुम्ही मान्य करणार आहात. मुलांनी मेणखडूने रंगवलेली भिंत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ओढून काढताना पुट्टीसकट निघालेले तुकडे. देवघराच्या वर निरांजन-उदबत्तीची काजळी. मेणखडू आणि काजळी यांवर नुसता रंग मारून भागत नाही: मेणावर पाण्याचा रंग नीट धरत नाही आणि काजळी नव्या रंगातून पुन्हा वर येते. पेंटर “आधी प्रायमर लागेल” म्हणतो ते याच कारणाने, आणि तेवढ्या भिंतीपुरतं ते खरं असतं.

इमारतीमुळे झालेले डाग मालक हटकून तुमच्या खात्यात टाकतात. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर फुगलेले पापुद्रे, बोट लावलं की झडणारी पांढरी भुकटी, छताच्या कोपऱ्यात कडा पिवळसर झालेला नकाशासारखा डाग ही सगळी ओल आहे. ती पावसाळ्यात वाढते, वरच्या मजल्यावरून, गच्चीतून किंवा भिंतीतल्या नळातून येते, आणि वरून रंग दिला तरी वर्षभरात पुन्हा फुटते. तुम्ही तिच्याबद्दल कधी फोनवर कळवलं असेल तर तो संदेश शोधून ठेवा. ओल दिसत असून कधीच कळवलं नसेल, तर मात्र मालकाला बोलायला जागा मिळते.

एक छोटी परीक्षा करा. कोरडा तळहात भिंतीवर जरा दाबून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर तो डिस्टेंपर आहे आणि त्याचं आयुष्य संपत आलंय. तो दोन-तीन वर्षांत असाही उतरतोच. पूड लागली नाही तर बहुधा इमल्शन, ते साधारण चार-पाच वर्षं नीट राहतं. हे अंतर हिशेबात कामी येतं, आणि साफसफाईतही. इमल्शनवरचा मळ ओल्या स्पंजने आणि भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांनी निघतो. डिस्टेंपरवर तसं घासलंत तर रंगच निघून नवा डाग तुमच्या नावावर चढेल.

खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून पॉलिश पेपरने सपाट करा, तिथेच थांबा. वरून रंगाचा टचअप हौसेने करू नका. शेड क्रमांक तोच आणला तरी जुना रंग फिका झालेला असतो. नवा ठिपका भिंतीवर उठून दिसतो, आणि ज्या भिंतीबद्दल कुणी बोललं नसतं तिच्याकडे सगळ्यांत आधी बोट जातं.

फोटो कसे काढायचे

सामान हललं आणि घर झाडून झालं की फोटो काढा. प्रत्येक भिंतीचा एक पूर्ण फोटो, आणि जिथे डाग आहे तिथे जवळून एक, शेजारी रुपयाचं नाणं धरून, म्हणजे आकार कळतो. फ्लॅश नको, त्याने डाग एकतर पुसले जातात किंवा भलतेच भडक दिसतात. मग दारापासून सुरुवात करून न थांबवता एक व्हिडिओ काढा आणि तो त्याच दिवशी स्वतःला ईमेल करा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही.

राहायला आलात तेव्हाचे फोटो नसतील तर घाबरू नका. दलालाने पाठवलेले घराचे फोटो जुन्या संदेशांत सापडतात. मुलाच्या वाढदिवसाच्या, गणपतीच्या फोटोंत मागे भिंतच असते. पहिल्या महिन्यातल्या फोटोत तीच ओल दिसली, तर वादाचा निम्मा भाग तिथेच मिटतो.

एकत्र पाहणी, किल्ली आणि तारीख

घर सोडायच्या आठवडाभर आधी मालकांना बोलवा. शेवटच्या दिवशी नको. टेम्पो खाली उभा असताना कुणालाही शांत बोलता येत नाही. खोल्यांमधून एकत्र फिरा, जे म्हणतील ते कागदावर लिहा, आणि संध्याकाळी तीच यादी त्यांना पाठवा: “आज आपण पाहिलं त्याप्रमाणे या नोंदी, काही राहिलं असल्यास कळवा.” त्यांनी सही केली तर उत्तम. नाही केली तरी उत्तर न आलेला संदेश हाही पुरावाच असतो.

दोन चुका टाळा. पहिली म्हणजे शेवटचे दोन महिने भाडं न देता “डिपॉझिटमधून वळतं करा” म्हणणं. करारात तशी सोय नसेल तर करार तुम्ही मोडलात असं होतं आणि रंगाचा मुद्दा मागे पडतो. दुसरी चूक महागडी आहे: डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ली अडवून ठेवणं. मुदत संपल्यावर जागा ताब्यात ठेवली तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि करारातही बहुधा तसं लिहिलेलं असतं. वीस-पंचवीस हजारांसाठी तो धोका पत्करू नये. डिपॉझिट ताबा देताना परत करायचं असं करारात असेल तर ते आठवण करून मागा, पण पैसे नाही मिळाले तरी मुदतीच्या दिवशी किल्ली द्या. देताना फोटो काढा आणि लगेच लिहा: “आज घराचा ताबा आणि तीन किल्ल्या दिल्या. वीजबिल भरलं आहे. डिपॉझिट येणं बाकी.”

ठोक रकमेचा हिशेब भिंतीवर आणणं

एक उदाहरण धरू. भाडं २६,०००, डिपॉझिट ७८,०००. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार, म्हणजे ३३ महिने मुक्काम. करारात झीज वगळलेली, रंगाची वेगळी अट नाही. मालक एक महिना, म्हणजे २६,००० कापून ५२,००० देऊ म्हणतात.

पाहणीत असं निघालं: हॉल आणि मोठी बेडरूम ठीक, फक्त मळ आणि भोकं. लहान बेडरूमच्या एका भिंतीवर मेणखडूची चित्रं, भिंत अकरा फूट लांब, नऊ फूट उंच, म्हणजे साधारण शंभर चौरस फूट. पॅसेजमध्ये देवघराच्या वर काजळी, चाळीसेक फूट. बाथरूमलगत ओल.

आता सोसायटीत काम करणाऱ्या एखाद्या पेंटरला बोलावून फक्त त्या दोन भिंतींचं अंदाजपत्रक लेखी घ्या. छोट्या कामाला चौरस फुटाचा भाव चालत नाही. पेंटर दिवसाची मजुरी आणि सामान धरतो, त्यामुळे आकडा तुमच्या अपेक्षेपेक्षा जास्त येतो. समजा प्रायमर आणि दोन हात धरून ४,५०० आला. तुमच्यासाठी ही वरची मर्यादा झाली.

खालची मर्यादा रंगाच्या वयावरून निघते. रंग तुम्ही येण्याआधी लगेच दिला होता आणि तो इमल्शन आहे असं मालकांचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करू. त्याचं आयुष्य पाच वर्षं, म्हणजे ६० महिने धरलं तर ३३ महिने वापरून झाले, २७ उरले. तुम्ही उरलेल्या आयुष्याचं नुकसान केलंत, पूर्ण नव्या रंगाचं नव्हे. ४,५०० चे ६० पैकी २७ भाग म्हणजे २,०२५ रुपये. असं कोष्टक कायद्यात कुठे छापलेलं नाही, पण हिशेब कुणालाही पटण्यासारखा आहे, आणि समोरच्याकडे २६,००० चा असा कोणताही हिशेब नसतो. रंग डिस्टेंपर निघाला तर ३३ महिन्यांनंतर त्याची किंमत जवळजवळ शून्य धरता येते.

मग लिहा. फोनवर बोला खुशाल, पण मागणी लेखीच असू द्या, आणि सूर तक्रारीचा नको:

“नमस्कार काका. रंगाबद्दल आपलं बोलणं झालं. करारातल्या देखभालीच्या कलमात नेहमीची झीज वगळली आहे आणि रंगाचं वेगळं शुल्क ठरलेलं नाही. पाहणीत दोन भिंती आमच्यामुळे खराब झाल्याचं आम्ही मान्य केलं आहे. त्यांचं पेंटरचं अंदाजपत्रक ४,५०० रुपयांचं आहे, सोबत जोडलं आहे. रंगाला ३३ महिने झाल्यामुळे आमचा वाटा २,०२५ रुपये होतो. बाथरूमलगतची ओल आम्ही पूर्वीच कळवली होती. आपल्याला याहून जास्त खर्च धरायचा असेल तर कोणत्या भिंतीचा किती, आणि आधीचा रंग कधी दिला होता त्याचं बिल कृपया पाठवा. नाहीतर ७५,९७५ रुपये पंधरा दिवसांत खात्यात जमा करावेत ही विनंती.”

‘काका’ राहू द्या. तीन वर्षं ज्यांना काका म्हटलंत त्यांना एकदम ‘महोदय’ केलंत की समोरचा वकील शोधायला लागतो.

उत्तर बहुधा येईल, “अहो, अर्धं-अर्धं करू.” तेरा हजार ऐकायला समंजस वाटतात, पण तो अर्धा भाग एका मनातल्या आकड्याचा आहे. तुमचा पल्ला २,०२५ ते ४,५०० एवढाच. फार ताणलं तर पूर्ण ४,५०० देऊन मोकळं व्हा आणि ७३,५०० घ्या. दोन भिंतींचा सगळा खर्च दिला की कुणाला बोलायला जागा राहत नाही. बोलण्यात आणखी एक मुद्दा उपयोगी पडतो. घरभाड्याच्या उत्पन्नावर मालकाला आयकरात ३० टक्के ठोक वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नाही तरी. हा काही तुमच्या बाजूचा कायदेशीर हक्क नाही, पण “रंगाचा खर्च मी कुठून काढू?” याला उत्तर आहे. चारचौघांत मात्र हे काढू नका, माणूस दुखावतो.

दलाल मधे असेल तर त्याच्याशी रकमेवर घासाघीस करू नका. त्याला नवीन भाडेकरू लवकर आणायचा असतो. पाहणीची यादी आणि अंदाजपत्रक त्यालाही पाठवा, तोच मालकांना मिटवायला सांगतो असा अनुभव येतो.

मालकांनी खरंच पूर्ण घर रंगवून बिल पाठवलं तर? बिल खरं असलं तरी त्याने तुमची जबाबदारी वाढत नाही. बिलात कोणत्या खोल्या आहेत, पुट्टी आणि ओलीचं काम आहे का, आधीपेक्षा भारी रंग वापरला का हे बघा आणि तुमच्या दोन भिंतींचा भाग वेगळा करून मागा.

तरीही पैसे आले नाहीत तर

पंधरा दिवस गेले की वकिलामार्फत नोटीस पाठवा, पोचपावती मिळेल अशा पोस्टाने. सोबत करार, पाहणीची यादी, अंदाजपत्रक आणि किल्ली दिल्याचा संदेश जोडा. अनेक प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, कारण तिला उत्तर द्यायलाही मालकाला वकील करावा लागतो.

त्यानंतरचा स्वस्त रस्ता म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दावा दाखल करण्याआधीच तिथे अर्ज देऊन प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. दोघांची तयारी असावी लागते, पण तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. महिलांना उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं. करार पत्नीच्या किंवा आईच्या नावावर असेल तर याचा उपयोग करून घ्या.

पोलिसांत जाऊन उपयोग नाही, ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील. भाडे नियंत्रण कायद्याखालचा सक्षम प्राधिकारी मुख्यतः मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यांविरुद्धचे मालकांचे अर्ज ऐकतो, डिपॉझिटच्या वसुलीचा तो दरवाजा नाही. शेवटी उरतो दिवाणी दावा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नाही, पण वकिलाची फी आणि तारखा धरल्या तर फक्त २६,००० साठी तो परवडत नाही. पूर्ण ७८,००० अडकले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून मालक वादात नसलेली रक्कम द्यायला तयार असतील तर ती आधी घ्या आणि लिहून कळवा: “५२,००० मिळाले. ही अंशतः परतफेड आहे. उरलेल्या रकमेवरचा हक्क आम्ही सोडलेला नाही.” ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर सही मागितली, तर ती उरलेले पैसे हातात आल्यावरच करायची.

नवीन घराच्या करारावर सही करताना ‘इतर अटी’चं पान उघडा. रंगाची ओळ असेल तर “नेहमीची झीज वगळून, प्रत्यक्ष नुकसान झालेल्या भिंतींपुरती” एवढे शब्द त्यात घालून घ्या. नोंदणीच्या आधी मसुदा तपासायला येतो तेव्हा हा बदल दोन मिनिटांत होतो. आणि सामान आत घेण्यापूर्वी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवून ठेवा, बाथरूमलगतच्या भिंतीसकट.